ट्रेझरी बिलाचा 5.00 हा दर 5.20 आणि 5.27 कसा होतो

प्रश्न : माझा मुलगा मर्चंट नेव्हीत आहे. त्याच्या परदेशी ब्रोकरच्या पडद्यावर 26 आठवड्यांच्या अमेरिकी ट्रेझरी बिलापुढे 5.00 टक्के लिहिले आहे, त्याच बिलापुढे दुसरीकडे 5.20 आहे आणि एका तक्त्यात 5.27. इकडे दापोलीला बँकेत एक वर्षाच्या एफसीएनआर डॉलर ठेवीला 5.20 सांगतात. 5.00 पेक्षा 5.20 जास्त, मग ठेवच बरी ना? हिशेब मांडून दाखवाल का?

उत्तर : तिन्ही आकडे बरोबर आहेत आणि तिन्ही एकाच बिलाचे आहेत, मात्र त्यांतील पहिला आकडा ठेवीच्या दराशेजारी ठेवून तुलना करणे चुकीचे आहे, कारण तो मुळात गुंतवलेल्या पैशावरचा दर नाहीच. मी मुंबईत एका बँकेच्या ट्रेझरी विभागात नोकरी केली आणि निवृत्त होऊन रत्नागिरीत आलो. तेव्हापासून जहाजावर मुले असलेल्या घरांतून हा प्रश्न मला दर एक-दोन महिन्यांनी येतो. तेव्हा जरा सावकाश मांडतो.

अमेरिकी ट्रेझरी बिलावर व्याज असे वेगळे मिळत नाही. 10,000 डॉलर दर्शनी किमतीचे बिल त्याहून कमी किमतीला विकत मिळते आणि मुदत संपल्यावर पूर्ण 10,000 परत येतात. मधला फरक म्हणजे वटाव, आणि तोच आपली कमाई. बाजारात हा वटाव ज्या पद्धतीने टक्क्यांत सांगतात तिला बँक डिस्काउंट यील्ड म्हणतात. या पद्धतीत दोन जुन्या सवयी शिरलेल्या आहेत. एक म्हणजे वटाव खरेदीच्या रकमेवर नव्हे तर दर्शनी किमतीवर मोजायचा, आणि दुसरी म्हणजे वर्ष 360 दिवसांचे धरायचे. हातात गणनयंत्र नसलेल्या काळात या दोन्ही गोष्टींमुळे तोंडी हिशेब सोपा होत असे. सवय मात्र आजही टिकून आहे.

मुलाच्या पडद्यावरचे 5.00 याच पद्धतीचे आहे. 26 आठवडे म्हणजे 182 दिवस. तेव्हा किंमत अशी निघते :

```
वटाव   = 10000 × 0.05 × 182 / 360 = 252.78
किंमत  = 10000 − 252.78 = 9747.22
```

मुलाच्या खात्यातून 9,747.22 डॉलर जातील आणि 182 दिवसांनी 10,000 येतील. या व्यवहारातल्या पक्क्या गोष्टी एवढ्याच : किती गेले, किती आले आणि मध्ये किती दिवस होते. पुढचे सगळे दर याच तीन आकड्यांची वेगवेगळी रूपे आहेत, आणि कोणत्याही गोंधळात पुन्हा याच तिघांपाशी यायचे असते.

आता दर्शनी किमतीवर टक्के मोजण्यात काय बिघडते ते पाहू. आंब्याच्या हंगामाआधी कोणी एक वर्षाच्या बोलीने उचल घेतली, एक लाखाच्या कागदावर सही केली आणि पाच हजार व्याज आधीच कापून पंच्याण्णव हजार हातात घेतले, तर देणारा म्हणेल की दर पाच टक्के आहे. घेणाऱ्याने मात्र पंच्याण्णव हजार वापरून वर्षअखेरीस पाच हजार जास्त भरलेले असतात, म्हणजे त्याला पडलेला दर 5.26 टक्के असतो. ट्रेझरी बिलात अमेरिकी सरकार घेणारे आहे आणि तुमचे चिरंजीव देणारे आहेत, त्यामुळे हा फरक त्यांच्या बाजूने पडतो. त्यांनी 10,000 गुंतवलेलेच नाहीत, 9,747.22 गुंतवले आहेत. म्हणून कमाईला भागायचे ते 9,747.22 ने, आणि वर्ष धरायचे ते 365 दिवसांचे. या दोन दुरुस्त्या केल्या की बाँड इक्विव्हॅलंट यील्ड मिळते :

```
252.78 / 9747.22 × 365 / 182 = 0.05201   म्हणजे 5.20 टक्के
```

वटावदर हातात असेल तर किंमत न काढताही हेच उत्तर येते :

```
365 × 0.05 / (360 − 0.05 × 182) = 18.25 / 350.9 = 0.05201
```

दोन दुरुस्त्यांपैकी कोणती किती भरते हे एकदा वेगळे करून पाहावे. नुसते 360 च्या जागी 365 घेतले तर 5.00 चे 5.07 होतात. उरलेली 0.13 टक्क्याची वाढ भाजक बदलल्यामुळे येते. दिवसांची दुरुस्ती मुदत कितीही असली तरी त्याच प्रमाणात राहते. भाजकाची दुरुस्ती मात्र मुदत आणि दर यांच्याबरोबर वाढते. त्यामुळे याच 5.00 वटावदराचे 28 दिवसांचे बिल घेतले तर तुल्य दर 5.09 च निघतो, आणि 91 दिवसांच्या बिलाला 5.13. म्हणूनच ‘वटावदरात वीस पैसे मिळवा की झाले’ असा जो ठोकताळा काही जण सांगतात तो 26 आठवड्यांना आणि पाच टक्क्यांच्या आसपासच चालतो, अन्यत्र फसवतो.

याला ‘बाँड इक्विव्हॅलंट’ म्हणण्याचे कारण असे की अमेरिकी सरकारी रोख्यांवर सहामाही व्याज मिळते आणि त्यांचा दर सहामाही टक्क्यांची दुप्पट करून सांगतात. आपल्या बिलाने 182 दिवसांत 2.593 टक्के दिले. त्याची जवळजवळ दुप्पट म्हणजे 5.20. तेव्हा 5.20 यील्डचा सरकारी रोखा आणि हे बिल एका रांगेत उभे राहू शकतात. पण या दरात सहा महिन्यांनी मिळालेल्या 252.78 डॉलरवर पुढच्या सहा महिन्यांत काही मिळेल हे धरलेले नाही. ते धरायचे असेल तर चक्रवाढ करावी लागते, आणि तिसरा आकडा तिथून येतो :

```
(10000 / 9747.22)^(365/182) − 1 = 0.05269   म्हणजे 5.27 टक्के
```

हे इफेक्टिव्ह अ‍ॅन्युअल यील्ड, वर्षाचा खरा परतावा. त्याच्या नावातल्या ‘खरा’ या शब्दावर मात्र फार विसंबू नये. सहा महिन्यांनी आलेले सगळे 10,000 डॉलर त्याच दिवशी, त्याच दराने पुन्हा गुंतले तरच 5.27 हातात पडतात. बिल मुदत संपते त्या वेळी मुलगा समुद्रावर आहे, नेट नाही, आणि पैसे तीन आठवडे ब्रोकरकडे बिनव्याजी पडून राहिले, तर हा आकडा कागदावरच राहतो. बाजारातले दर त्या सहा महिन्यांत उतरले तरी तेच होते. 5.20 मध्ये असा काही अंदाज दडलेला नाही. तो झालेल्या व्यवहाराचा साधा दर आहे.

आता तुमचा मूळ मुद्दा. एफसीएनआर ठेवीची किमान मुदत एक वर्ष असते, म्हणून तिची तुलना 26 आठवड्यांच्या बिलाशी करणे हे मुळातच विषम आहे. तुलना 52 आठवड्यांच्या, म्हणजे 364 दिवसांच्या बिलाशी व्हायला हवी. समजा त्याचाही वटावदर 5.00 आहे. वटाव 505.56 येतो आणि किंमत 9,494.44. साध्या पद्धतीने, म्हणजे कमाई भागिले किंमत गुणिले 365 भागिले 364, दर 5.34 टक्के निघतो. पण अमेरिकी ट्रेझरीच्या लिलावाच्या निकालात तुम्हाला 5.34 दिसणार नाही, 5.27 दिसेल. इथे बरेच जण अडखळतात. मीही पहिल्यांदा तासभर अडखळलो होतो.

कारण असे. रोखा सहा महिन्यांनी व्याज हातात देतो आणि ते पुन्हा गुंतवता येते. सहा महिन्यांपर्यंतच्या बिलाच्या बाबतीत हा प्रश्नच येत नाही, कारण रोख्याचा पहिला हप्ता येण्याआधीच बिल संपते. त्याहून लांब बिल मात्र मध्ये काहीच देत नाही, सगळे शेवटी देते. तेव्हा रोख्याशी न्याय्य तुलना करायची तर विचारायचे असे : असा कोणता सहामाही चक्रवाढीचा दर आहे, ज्याने 9,494.44 चे 364 दिवसांत 10,000 होतील? समीकरण असे मांडतात, आणि `i` वर्ग समीकरण सोडवून मिळतो :

```
9494.44 × (1 + i/2) × (1 + i × (364/365 − 1/2)) = 10000
i = 0.0527
```

समीकरण सोडवण्याची भीती वाटली तर ताळा उलट बाजूने घ्यावा. 5.27 चा अर्धा 2.635, 1.02635 चा वर्ग 1.0534 येतो, आणि 10,000 भागिले 9,494.44 हेही 1.0532 च्या जवळ आहे. उरलेला फरक वर्षाला एक दिवस कमी असल्याचा. या बिलाचे इफेक्टिव्ह अ‍ॅन्युअल यील्ड 5.34 आहे. म्हणजे लांब बिलाच्या बाबतीत साधा दर आणि वर्षाचा परतावा जवळजवळ एकच होतात आणि बाँड इक्विव्हॅलंट त्यांच्या खाली राहतो, तर 26 आठवड्यांच्या बिलात साधा दर हाच बाँड इक्विव्हॅलंट असतो. ज्या कोष्टकात दोन्ही मुदतींना एकच सूत्र लावलेले आहे, त्यातला 52 आठवड्यांचा आकडा सुमारे सात पैशांनी फुगलेला असतो, आणि लांब बिल उगाचच आकर्षक दिसते.

आता ठेवीकडे. एफसीएनआर ठेवीचे व्याज 360 दिवसांचे वर्ष धरून मोजतात आणि एक वर्षाच्या ठेवीला ते साधे असते, मध्ये चक्रवाढ नसते. भाजक 360 असला तरी टक्के भरलेल्या रकमेवर मोजलेले असतात, दर्शनी किमतीवर नव्हेत. म्हणून बिलाच्या वटावदराला लागते ती मोठी दुरुस्ती इथे लागत नाही. 365 दिवसांच्या ठेवीवर 5.20 ने 10,000 डॉलरला 527.22 डॉलर व्याज येते, म्हणजे वर्षाचा परतावा 5.27 टक्के. तेव्हा तुमच्या प्रश्नातली 5.00 विरुद्ध 5.20 ही लढत खरे तर 5.34 विरुद्ध 5.27 अशी आहे, आणि निव्वळ दराने पाहिले तर ठेव मागे पडते. इथे पुन्हा एक पाय घसरण्याची जागा आहे : लिलावाच्या निकालातला 5.27 आणि ठेवीचा 5.27 सारखे दिसतात, पण पहिला सहामाही चक्रवाढीचा आहे आणि दुसरा पूर्ण वर्षाचा, म्हणून ते बरोबरीचे नाहीत. बँकेकडून मात्र दर विचारू नका. ‘10,000 डॉलर आज भरले तर अमुक तारखेला किती मिळतील’ एवढेच लिहून घ्या. गेलेले, आलेले आणि दिवस हातात आले की कोणाच्याही पद्धतीवर अवलंबून राहावे लागत नाही.

पडद्यावरचा आकडा कोणत्या जातीचा आहे हे ओळखायचे कसे? अमेरिकी ट्रेझरीच्या रोजच्या तक्त्यात प्रत्येक मुदतीखाली `BANK DISCOUNT` आणि `COUPON EQUIVALENT` असे दोन रकाने असतात. लिलावाच्या निकालात `High Rate` हा वटावदर आणि `Investment Rate` हा तुल्य दर असतो. ब्रोकरच्या पडद्यावर मात्र कधी नुसते `Rate` किंवा `Yield` लिहिलेले असते. अशा वेळी शेजारची किंमत पाहावी. 5.00 हा वटावदर असेल तर 182 दिवसांच्या बिलाची किंमत शंभराला 97.472 दिसली पाहिजे. तोच तुल्य दर असेल तर 97.568 दिसेल. 10,000 डॉलरमागे हा साडेनऊ डॉलरचा फरक आहे, त्यामुळे कोणता दर आहे याबद्दल शंका उरत नाही.

एक्सेल वापरत असाल तर तिथेही एक खड्डा आहे. खालच्या तीन ओळींत 2 जानेवारी 2025 ते 3 जुलै 2025 हे 182 दिवस घेतले आहेत :

```
=TBILLPRICE(DATE(2025,1,2), DATE(2025,7,3), 0.05)
=TBILLEQ(DATE(2025,1,2), DATE(2025,7,3), 0.05)
=TBILLYIELD(DATE(2025,1,2), DATE(2025,7,3), 97.4722)
```

पहिली ओळ 97.4722 देते आणि दुसरी 5.20 टक्के. तिसरीचे नाव पाहून कोणालाही वाटेल की तीच हवी, पण ती 5.13 देते, कारण तिच्यात भाजक खरेदीची किंमत असला तरी वर्ष 360 दिवसांचेच आहे. 5.13 हा आकडा चुकीचा नाही, पण तो बाँड इक्विव्हॅलंटही नाही आणि वटावदरही नाही. 360 वर चालणाऱ्या डॉलर ठेवीच्या दराशी तो जुळतो एवढेच.

दिवसांबद्दल थोडे. बिल बाजारातून मध्येच घेतले असेल तर 182 नव्हे, पैसे चुकते होण्याच्या दिवसापासून मुदतीपर्यंत उरलेले दिवस मोजायचे. सौदा केला तो दिवस नव्हे. बिल ज्या वर्षभरात धावते त्यात 29 फेब्रुवारी येत असेल तर अमेरिकी ट्रेझरी तुल्य दरासाठी 366 धरते. वटावदराचा भाजक मात्र कशानेही बदलत नाही, तो 360 च. नोकरीच्या पहिल्या वर्षांत मी 50 लाख डॉलरच्या एका बिलाची किंमत काढताना सवयीने 365 ने भागले. समोरच्या बँकेच्या सौदापत्रात आणि माझ्या कागदात 1,731 डॉलरचा फरक आला आणि सायंकाळी सातपर्यंत आम्ही तो शोधत बसलो. दर दोघांच्याही कागदावर 5.00 च होता, म्हणून तर तो सापडायला इतका वेळ लागला.

आपल्याकडच्या ट्रेझरी बिलांना यातले काहीच लागू करू नका. रिझर्व्ह बँक भारत सरकारची 91, 182 आणि 364 दिवसांची बिले लिलावात विकते. निकालात शंभर रुपयांमागची किंमत आणि त्यावरून काढलेले यील्ड देतात, आणि ते यील्ड आधीच खरेदीच्या किमतीवर व 365 दिवसांवर असते. समजा 182 दिवसांच्या भारतीय बिलाची किंमत 97.25 आली. 2.75 भागिले 97.25 गुणिले 365 भागिले 182 केले की 5.67 टक्के होतात, आणि संपले. हे 5.67 वटावदर समजून वरच्या सूत्रात घातले तर 5.92 येतात आणि जवळजवळ पाव टक्का हवेतून निर्माण होतो. रिटेल डायरेक्टवर, म्हणजे रिझर्व्ह बँकेने 12 नोव्हेंबर 2021 रोजी सुरू केलेल्या योजनेत, दहा हजार रुपयांपासून बिले घेता येऊ लागल्यावर अमेरिकी पाठ्यपुस्तकातले सूत्र आपल्या बिलांना लावलेले हिशेब मी बरेच पाहिले आहेत. फक्त लक्षात असू द्या की आपल्या 364 दिवसांच्या बिलाचे यील्डही साध्याच पद्धतीचे असते; अमेरिकेच्या 52 आठवड्यांच्या 5.27 शी ते ताडून पाहायचे असेल तर आधी दोन्हींचे इफेक्टिव्ह अ‍ॅन्युअल यील्ड काढावे लागते. रुपया आणि डॉलर यांच्या दरातल्या बदलाचा प्रश्न त्यानंतर उरतोच, पण तो वेगळा विषय आहे.

शेवटी चिरंजीवांना एक गोष्ट जरूर विचारा : ब्रोकर बिलाच्या प्रत्येक खरेदीवर किती आकारतो? समजा 25 डॉलर. मग 10,000 च्या बिलासाठी गेलेले पैसे 9,747.22 नसून 9,772.22 होतात, कमाई 227.78 उरते आणि बाँड इक्विव्हॅलंट यील्ड 5.20 वरून 4.67 वर येते. इतका वेळ आपण ज्या पैशांचा कीस पाडला त्याच्या अडीचपट हा एक आकडा खाऊन टाकतो. हाच खर्च 50,000 डॉलरच्या एकाच बिलावर पडला तर जेमतेम दहा पैसे जातात. तेव्हा मुलगा दरमहा पगारातून थोडी थोडी बिले घेत असेल तर आधी ब्रोकरचे दरपत्रक मागवा आणि वरच्या सूत्रात किमतीच्या जागी खर्चासकट गेलेली रक्कम घाला.